तीनशे मीटरची बीट

आमच्या नगरपरिषदेत रस्ते झाडायचं मशीन दाखवायला आलं, त्याच्या दहा दिवस आधी मी एका सफाई कामगार मावशींना मेमो दिला होता. मी स्वच्छता निरीक्षक. बसस्थानकासमोरचा तुकडा रोज अर्धवट राहतो, नागरिकांच्या तक्रारी आहेत, खुलासा करावा, असा तो नेहमीचा साच्यातला मेमो. मावशींनी अंगठा उठवला आणि काही न बोलता गेल्या.

बसस्थानक ते तहसील कचेरी हा आमचा मुख्य रस्ता १,८०० मीटरचा आहे. चौपदरी, मधे दुभाजक. सहा कामगार, प्रत्येकी ३०० मीटरची बीट, म्हणजे रोज झाडायला नेमून दिलेला तुकडा. ही वाटणी माझ्या आधीच्या माणसाच्याही आधीची आणि दिसायला अगदी न्यायाची, म्हणून तिला कोणी कधी हात लावला नव्हता.

मशीन म्हणजे ट्रकवर बसवलेलं सक्शन. बाजूला फिरणारा गोल ब्रश कडेची माती आत ढकलतो, धूळ उडू नये म्हणून पाण्याचे फवारे, आणि खाली जमिनीलगत रुंद नळीचं तोंड सगळं ओढून मागच्या टाकीत नेतं. दाखवायला आलेला माणूस म्हणाला, "तासाला सहा किलोमीटर, साहेब." मुख्याधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला की आपला रस्ता पावणेदोन किलोमीटरचा, म्हणजे वीस मिनिटांचं काम. मग सहा माणसं कशाला?

या हिशेबात पहिली गफलत अशी की मशीन रस्ता झाडत नाही, रस्त्याची कड झाडतं. कचरा आणि माती रस्त्याच्या मधोमध थांबत नाहीत, गाड्यांच्या वाऱ्याने कडेला जाऊन बसतात. आणि दुभाजक असलेल्या रस्त्याला कडा चार. म्हणजे १,८०० मीटरच्या रस्त्यावर मशीनला ७.२ किलोमीटर चालायचं होतं. मी हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "बरं, सव्वा तास धरा."

पहाटे अडीचला मशीन सुरू झालं. साहेब फोटोपुरते थांबून गेले. मी वही आणि घड्याळ घेऊन मुकादमाच्या मोटरसायकलवर मागे बसलो.

मागून बघण्यात एक फायदा असतो. आपल्या हेडलाईटच्या झोतात मशीनमागची हवा दिसते. पहिली पन्नास मिनिटं ती स्वच्छ होती, मग एकदम झोतात धुकं पसरल्यासारखं झालं. फवाऱ्याचं पाणी संपलं होतं. ड्रायव्हरच्या लक्षात आलं नव्हतं. तो माती उचलत होता त्याहून जास्त उडवत होता. टाकी भरायला अग्निशमनच्या नळावर गेलो, २५ मिनिटं. पुढे रसवंतीच्या दुकानांसमोर नळीत उसाचं चिपाड आणि शहाळ्याची करवंटी अडकली. दोघांनी हात घालून ती काढेपर्यंत १८ मिनिटं. भाजीचे टेम्पो आणि मुक्कामाच्या एसटी सरकायची वाट पाहण्यात २४. कचऱ्याची टाकी रिकामी करायला गावाबाहेरच्या कचरा डेपोवर जाऊन येण्यात ४१. पावणेसहाला काम थांबवलं, तेव्हा वहीत १९५ मिनिटं होती आणि त्यांतली ८७ मिनिटंच ब्रश जमिनीला लागला होता. तेवढ्यात झाडून झालं ५.८ किलोमीटर. म्हणजे ब्रश चालू असतानाचा वेग तासाला चार किलोमीटर, आणि सगळी रात्र धरली तर पावणेदोन.

राहिलेला १.४ किलोमीटर कुठला, ते मुकादमाने न मोजताच सांगितलं. रिक्षा आणि वडापावच्या गाड्या रात्री जिथे साखळी लावून ठेवतात, ती बसस्थानकाची डावी कड. शिवाय फुटपाथ तर मशीनच्या खात्यातच येत नाही.

पण मशीन फुकट गेलं असं मी म्हणणार नाही, कारण कॉलेजसमोर आम्ही एक प्रयोग केला. दुभाजकालगत खडूने वीस-वीस मीटरचे दोन पट्टे आखले. एकावरून मशीन गेलं, दुसरा मुकादमाने स्वतः खराट्याने झाडला, आणि तोही कुणाला दाखवायचा असल्यासारखा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. उलट खराट्याचा पट्टा जास्त नीट वाटत होता, कागदाचा तुकडा नाही. मग दोन्ही पट्टे मऊ ब्रशने पुन्हा झाडले आणि निघालेली माती भाजीवाल्याच्या काट्यावर तोलली. मशीनच्या पट्ट्यातून ४०० ग्रॅम, खराट्याच्या पट्ट्यातून अडीच किलो. खराटा कागद, पाला, प्लास्टिक उचलतो, बारीक मातीवर मात्र नुसत्या रेघा ओढतो. ती माती गाड्यांबरोबर दिवसभर उडत राहते आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच येऊन बसते. ड्रायव्हरला घाई झाली की मशीनचंही तेच होतं. तहसीलकडे त्याने वेग वाढवला तेव्हा ब्रशच्या आणि नळीच्या मधे रेतीची बोटभर जाड रेघ सुटत गेली. कुठल्याही मशीनवाल्याचं काम तपासायचं तर कागद बघू नका, ती रेघ बघा.

मुकादम पट्टा झाडत होता तेव्हा त्याच्या पाठीमागून हातभर अंतरावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. दुभाजकाच्या कडेला माणूस वाहतुकीकडे पाठ करून वाकलेला असतो. आम्ही तिथे रोज सहा माणसं उभी करत होतो.

पावणेसहाला मशीन गेलं, सहाला हजेरी. मला खरं तर घरी जाऊन झोपायचं होतं. पण वहीत एका बाजूचा हिशेब होता, दुसरी बाजू कोरी. मुकादमाला म्हटलं, आज मी मावशींच्या मागे फिरतो. मावशींना वाटलं मेमोची चौकशी. त्यांनी पदर खोचला आणि माझ्याकडे न बघता ढकलगाडी बाहेर काढली.

हजेरी, खराटे, गाडी ताब्यात घेणं यात २० मिनिटं गेली. हजेरी शेड गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथून बीटवर गाडी ढकलत पोचायला २२. झाडायला सुरुवात झाली ती सहा बेचाळीसला.

मावशींचं काम मी आठ वर्षं लांबून पाहिलं होतं. जवळून पाहिलं तर त्यातला झाडण्याचा भाग सगळ्यात सोपा निघाला. आधी सात-आठ मीटरचा कचरा कडेला ओढून ढीग करायचा, दोन पत्र्यांत धरून गाडीत टाकायचा, गाडी पुढे सरकवायची, परत वाकायचं. बसस्थानकासमोर मातीपेक्षा चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या, केळीच्या साली, आणि फुटपाथवरच्या फरश्यांच्या फटीत अडकलेल्या काड्या. त्या खराट्याने निघत नाहीत, बोटांनी काढाव्या लागतात. अशा कचऱ्याला वजन नसतं पण गाडी पटकन भरते. भरली की साडेचारशे मीटरवरच्या कंटेनरपर्यंत ढकलत न्यायची. कंटेनरची कड छातीएवढी, गाडीतले डबे उचलून ओतायचे, परत यायचं. एक खेप १७ मिनिटं. अकरापर्यंत अशा चार खेपा, म्हणजे ६८ मिनिटं.

दुसऱ्या खेपेला मी गाडीला हात लावला तर त्या म्हणाल्या, "राहू द्या साहेब, चाक डावीकडं वढतंय, तुम्हाला न्हाई जमायचं." खरंच नाही जमलं.

चहापाण्याची २० मिनिटं धरून बेरीज केली. सहा ते अकरा ३०० मिनिटं. त्यांतली १३० हजेरी, चालणं, खेपा आणि चहात. झाडायला उरली १७०. बसस्थानकासमोर १०० मीटरला, चारही कडा आणि फुटपाथ धरून, ७८ मिनिटं लागत होती. म्हणजे मावशींच्या हातून अकरापर्यंत होणार २२० मीटर. माझ्या मेमोतला "अर्धवट तुकडा" बरोबर उरलेला ८० मीटरचा होता. त्या रोज होता होईल तेवढं करून थांबत होत्या, आणि शंभर टक्के काम करायला २३४ मिनिटं लागणार होती, जी त्यांना मी दिलीच नव्हती.

अकराला तसाच तहसीलच्या टोकाला गेलो. तिथला कामगार लिंबाखाली बसलेला. आदल्या दिवसापर्यंत मी त्याला कामचुकार समजत होतो. त्याच्या बीटवर १०० मीटरला ३१ मिनिटं पुरत होती, तीनशे मीटर दीड तासात संपत होतं. मधल्या सातशे मीटरचा दर ५० मिनिटं निघाला. लांबी सारखी वाटली होती, काम नाही.

पुढच्या आठवड्यात मुकादमाबरोबर बसून बीटं नव्याने आखली. दुभाजकाच्या दोन्ही कडा माणसांकडून काढून मशीनला द्यायच्या, तेही रात्री अकरानंतर, आठवड्यातून तीनदा. तिथे पार्किंग नसतं आणि कचरा म्हणजे बहुतेक मातीच. मशीन विकत न घेता भाड्याने घ्या, असं मी टिपणीत लिहिलं. बाह्यवळण रस्ताही त्यातच बसवला. कंटेनरकडे खेपा मारण्याऐवजी ट्रॅक्टरने साडेआठ आणि साडेदहाला बीटजवळच्या दोन ठरलेल्या जागी यायचं, आणि हजेरी शेडऐवजी बीटवरच घ्यायची. या दोन बदलांनी माणशी तासाभराच्या वर वेळ सुटला.

दुभाजक गेल्यावर बसस्थानकाचा दर १०० मीटरला ५५ मिनिटांवर आला. तिथले ५०० मीटर दोघींना, प्रत्येकी २५०. उरलेल्या वेळात दुपारी दुसरी फेरी, कारण बसस्थानक बारा वाजता पुन्हा सकाळसारखंच होतं. मधले ७०० दोघांना, तहसीलकडचे ६०० एकाला. सहावा माणूस मंडईला. केंद्राच्या घनकचरा मॅन्युअलमध्ये गर्दीच्या रस्त्याला माणशी अडीचशे ते साडेतीनशे मीटर आणि विरळ वस्तीत साडेसहाशे ते साडेसातशे असं प्रमाण दिलं आहे. ते पुस्तक माझ्याच कपाटात होतं. मी गावभर एकच आकडा लावून बसलो होतो.

लिंबाखालच्या कामगाराला अर्थातच हे पटलं नाही. "तीनशेचं सहाशे केलं साहेबांनी," असं तो अजून सांगत फिरतो. त्याचं अगदीच चूक नाही. पानगळीत, फाल्गुन-चैत्रात, त्याचा ३१ चा दर टिकत नाही. तेव्हा दीड महिना मंडईचा माणूस त्याच्याकडे पाठवावा लागतो. आणि पावसाळ्यात मशीन उभंच असतं, ओली माती नळीत चिकटून बसते.

मेमो मागे घेतल्याचं पत्र मी स्वतः नेऊन दिलं. मुकादमाने ते मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि विचारलं, "साहेब, टॅक्टर काल नऊला आला. साडेआठला येनार का न्हाई?"