टिपस्टरच्या 60 टिपा मी वहीत लिहिल्या

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून पेपरसाठी खेळाच्या बातम्या देतो, कबड्डीपासून क्रिकेटपर्यंत सगळं. मागच्या आयपीएलच्या आधी माझा चुलतभाऊ मोबाईल घेऊन आला, म्हणे दादा हा टेलिग्रामवाला पाहा, कोणती टीम जिंकणार ते सगळं बरोबर सांगून राहिला, 2000 रुपयात पेड ग्रुप देते. कापसाचे चुकारे नुकतेच हातात आले होते त्याच्या, म्हणून मला जास्तच धास्ती वाटली.

मी ठरवलं, एक रुपया लावायचा नाही पण पूर्ण सीझन हिशोब ठेवायचा. रोज टॉसच्या आधी त्याची टीप वहीत लिहायची, स्क्रीनशॉट काढायचा, आणि त्या वेळचा भाव बाजूला टाकायचा. भाव नसला तर हिशोबाला अर्थच नाही, कारण फेव्हरेट टीम जिंकणार हे तर पानटपरीवरचं पोरगंही सांगते. 70 पैशाचा भाव म्हणजे 100 लावले तर जिंकल्यावर 70 मिळतात, हरलं की पूर्ण 100 जातात, म्हणजे शंभरातल्या 59 टिपा बरोबर आल्या तरच कुठं वर निघतो माणूस.

पहिल्या दोन आठवड्यात त्याच्या 10 पैकी 8 बरोबर आल्या अन् खरं सांगतो, मीही हललो होतो. पुढे घसरत गेलं.

मे महिन्यात एका रात्री जुन्या टिपा ताडून पाहत होतो तर वहीतली एक टीप चॅनलवर सापडेना. टेलिग्रामवर प्रत्येक मेसेजच्या लिंकला शेवटी नंबर असतो अन् तो ओळीनं वाढतो. मी लिंक कॉपी केल्या तर 412 नंतर डायरेक्ट 414. मधला उडवलेला, अन् ती नेमकी हरलेली टीप. मग सगळंच तपासलं, अशा 8 टिपा गायब, आठही चुकलेल्या.

शेवटी माझ्या वहीत 60 टिपा, 33 बरोबर. चॅनलवर उरल्या 52, त्यात 33 बरोबर, म्हणून तो 63 टक्के म्हणून मिरवत होता. साठ वेळा नाणं उडवलं तर 26 ते 34 च्या मधात काहीही सहज येते. दर मॅचला डोळे मिटून फेव्हरेट धरली असती तर 34 बरोबर आल्या असत्या, अन् साठपैकी 49 वेळा त्यानं फेव्हरेटच सांगितली होती. जिंकलेल्या टिपांना सरासरी 70 पैसे भाव मिळाला, म्हणजे दर टिपेला 100 लावले असते तर 2310 मिळाले, 2700 गेले. उणे 390, वर ग्रुपची फी वेगळी.

वही चुलतभावाच्या पुढ्यात ठेवली. त्यानं आधी एप्रिलचं एक पान काढलं, त्या दिवसाच्या टिपेवर बोट ठेवलं, मग मोबाईलवर ती शोधत बराच वेळ वर-खाली करत बसला. सापडली नाही. म्हणे, "दादा, या दिवशी म्या फवाऱ्याचे पैसे लावले होते."