डबा बंद करताना

डबा लावणं फार सोपं असतं. कुणाकडून तरी नंबर मिळतो, "जेवण घरच्यासारखं आहे ना?" एवढं विचारलं जातं आणि दोन दिवसांत दारात डबा हजर होतो. बंद करताना मात्र माणसं अवघडतात. नोकरीचा राजीनामा बिनदिक्कत टाइप करणारा माणूस डबेवाल्या काकूंना फोन लावायचा म्हटलं की चार दिवस टाळाटाळ करतो, आणि मग पाचव्या दिवशी डबा घेऊन आलेल्या मुलाला जिन्यात म्हणतो, "काकूंना सांग, उद्यापासून नको." पुढच्या बहुतेक कटकटी या एका वाक्यातून सुरू होतात.

मुलाच्या डोक्यात अजून वीस घरं असतात. तो निरोप विसरतो, किंवा "उद्या नको" एवढाच सांगतो. काकू एक खाडा मांडतात आणि परवा पुन्हा डबा येतो. आता हा डबा कुणाच्या खात्यावर? म्हणून सांगायचं ते स्वयंपाक करणाऱ्या माणसालाच, आधी फोनवर आणि मग लगेच मेसेज करून. फोन नात्यासाठी, मेसेज हिशोबासाठी.

मेसेजमध्ये तारीख कशी लिहिता यालाही महत्त्व आहे. "२० तारखेपासून बंद" म्हटलं की वीसचा डबा येणार नाही असं आपण धरतो, आणि वीसचा शेवटचा असं काकू धरतात. "२० पर्यंत" मध्येही तीच गंमत. "शेवटचा डबा शनिवारी, २० तारखेला दुपारी. सोमवारी २२ पासून पाठवू नका," असं लिहिलं की दोन अर्थ निघायला जागा राहत नाही. दोन्ही वेळचा डबा असेल तर वेळ तर लिहायलाच हवी.

आठवडाभर आधी सांगितलं तर पुरतं. त्यामागे स्वयंपाकघराचं गणित आहे. भाजी आदल्या संध्याकाळी येते, मटकी किंवा हरभरे रात्री भिजत पडतात, कणीक भल्या सकाळी मळली जाते. तीस डबे आणि डब्यात चार पोळ्या म्हणजे एकशेवीस पोळ्यांची कणीक, ती अंदाजानंच घेतली जाते. म्हणूनच खाड्याचा नियम बहुतेक ठिकाणी "आदल्या रात्री आठपर्यंत सांगा" असा असतो. सकाळी दहा वाजता "आज नको" म्हणणाऱ्याचा डबा तेव्हा भरून, कडी लावून पिशवीत गेलेला असतो. तो खाडा धरला जात नाही, आणि यात काकूंचा आडमुठेपणा काही नाही.

आता हिशोब. भांडण होतं ते सहसा रकमेवरून नाही, कशानं भागायचं यावरून होतं. उदाहरण म्हणून सप्टेंबर २०२५ घेऊ. महिन्याची सुरुवात सोमवारी झाली, रविवार चार, म्हणजे रविवारी बंद असलेल्या एकवेळच्या डब्याचे बरोबर सव्वीस डबे. महिन्याचा दर २,३४० रुपये धरू. एका डब्याचे नव्वद झाले. सुटा डबा ११० ला, जादा पोळी आठ रुपयांना. शेवटचा डबा शनिवारी २० तारखेला.

एक ते वीसमध्ये दोन रविवार वजा जाता अठरा दिवस उरतात. गिऱ्हाइकानं तीनदा खाडा सांगितला, त्यातले दोन आदल्या रात्री आणि एक सकाळी दहाला. सकाळचा धरला जाणार नाही. एक दिवस काकूंनीच घरच्या कार्यासाठी डबे बंद ठेवले होते. तो दिवस कुणी न सांगता वजा व्हायला हवा. म्हणजे तीन गेले आणि पंधरा डबे राहिले. पंधरा गुणिले नव्वद, १,३५०.

इथे हुशार माणसाची चूक होते. तो २,३४० ला तीसनं भागतो, अठ्ठ्याहत्तर रुपये काढतो आणि त्याला पंधरानं गुणतो: १,१७०. महिना तीस दिवसांचा आहे, त्यामुळे त्याला हे अगदी रास्त वाटतं. पण तीसनं भागायचं तर रविवारही मोजायला हवेत. म्हणजे वीस दिवसांतून तीन वजा, सतरा दिवस, १,३२६. भागताना रविवार धरायचे आणि गुणताना सोडायचे, यात १८० रुपये हवेत विरतात. मनात खोट नसते, भागाकार तेवढा चुकतो, पण समोरच्याला ती लबाडीच वाटते. पैसे आगाऊ भरलेले असतील तर हीच चूक उलट्या बाजूनं बसते: अकरा डब्यांचे परत द्यायचे ९९० असताना अठ्ठ्याहत्तरच्या हिशोबानं ८५८ हातात पडतात आणि गिऱ्हाईक धुमसत बसतं.

तिसरा प्रकारही आहे. काही जण म्हणतात, महिना अर्धवट मोडलात तर महिन्याचा दर लागू नाही, सुट्या डब्याचा लागेल. पंधरा गुणिले ११०, म्हणजे १,६५०. डबा लावतानाच हे सांगितलं असेल तर द्यावेत, कारण सवलत पूर्ण महिन्यासाठीच होती. शेवटच्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आलं तर "हे आधी बोललो नव्हतो, नव्वदनंच धरू," एवढं शांतपणे म्हणायला हरकत नाही. थोडक्यात, भागाकार कशानं, हे रक्कम काढायच्या आधी विचारून घ्यावं. रक्कम तोंडातून गेली की दोन्हीकडची माणसं आपापल्या आकड्याला चिकटतात.

मग जादाचं येतं. गिऱ्हाइकाला आपले खाडे पाठ असतात. काकूंना जादा पोळ्या पाठ असतात. दोघंही खोटं बोलत नसतात, ज्याचं ज्याला टोचतं ते त्याला आठवतं. आपल्या उदाहरणात पाहुणे आले म्हणून दोन सुटे डबे मागवले होते, ते २२०. आणि एका दिवशी चार जादा पोळ्या, त्या ३२. हे काकूंकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहिलेलं असतं: खाड्याला फुली, जादाला बारीक अक्षरात "२ ज". आपल्याकडे मात्र खाड्यांचे मेसेज तेवढे असतात, कारण जादा डबा आपण फोन करून मागवलेला असतो. तेव्हा आधी स्वतःच्या फोनमधली कॉलची यादी चाळावी आणि जादाचा आकडा आपणच पहिल्यांदा बोलावा. "काकू, माझ्याकडे दोन डबे आणि चार पोळ्या जादा आहेत, तुमच्याकडे किती?" असं विचारलं की खाड्यांच्या मोजणीत त्या आपल्याशी कधी घासाघीस करत नाहीत.

एकूण झाले १,६०२. एखादा खाडा एकाच वहीत असला आणि मेसेज कुठेच सापडत नसला, तर तो निम्मा निम्मा करावा. पंचेचाळीस रुपयांपलीकडे तो वाद जात नाही.

पैसे महिन्याअखेरीला द्यायचे असतील तर इथे काम संपलं. आगाऊ २,३४० भरलेले असतील तर मात्र ७३८ परत येणं आहे, आणि अडतं ते इथेच. ते पैसे पहिल्या आठवड्यातच डाळ-तांदूळ, तेल आणि गॅसमध्ये गेलेले असतात. काकू "देते" म्हणतात आणि ते खरंही असतं, फक्त पुढच्या महिन्याचे पैसे जमल्यावर. गाव सोडून जाणाऱ्याला तेवढा वेळ नसतो. यावर उपाय हिशोबातच दिसतो: ७३८ म्हणजे आठ डबे आणि वर अठरा रुपये. सव्वीसपैकी उरलेले डबेही बरोबर आठच. खाडे आणि जादा यांची जवळजवळ फिट्टंफाट झालेली आहे. म्हणजे शेवटचा डबा विसाऐवजी तीस तारखेला ठेवला, तर परत मागायला अठराच रुपये उरतात. जाण्याची तारीख आपल्या हातात असेल तर डबा महिन्याबरोबर संपवावा. नसेल तर उरलेले डबे त्याच इमारतीतल्या कुणाला देता येतात का, हे काकूंना विचारावं; नवं गिऱ्हाईक मिळत असेल तर त्या आनंदानं "हो" म्हणतात.

पैसे शक्यतो यूपीआयनं द्यावेत, पण पाठवण्याआधी पडद्यावर येणारं नाव त्यांना विचारून घ्यावं. खातं बऱ्याचदा मुलाच्या नाहीतर यजमानांच्या नावावर असतं. सोबत "सप्टेंबर, १५ डबे, २ जादा, ४ पोळ्या, हिशोब पूर्ण" असं लिहावं आणि "मिळाले" असं उत्तर येईपर्यंत विषय मिटला असं धरू नये. रोख द्यायची तर डबा आणणाऱ्या मुलाच्या हाती नको. त्या बिचाऱ्याला रकमेचं काहीच माहीत नसतं, आणि कमी-जास्त निघालं तर संशय त्याच्यावर.

डब्यांचंही एक खातं असतं. फिरते दोन डबे असतात, एक आपल्याकडे आणि एक त्यांच्याकडे, आणि त्यापोटी दोन-तीनशे रुपये डिपॉझिट ठेवलेलं असतं. बंद करायच्या आदल्या दिवशी ओट्यावर सगळं मांडून बघावं: तीन खण, झाकण, कडी आणि झाकणाच्या आतली रबरी रिंग. रिंग घासताना निघून सिंकच्या जाळीत जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही, पण तिच्याशिवाय आमटी पिशवीत सांडते, म्हणून काकूंची नजर पहिली तिथे जाते. झाकण दुसऱ्याच डब्याचं आलेलं असण्याची शक्यताही मोठी. बुडाला कोरलेला किंवा रंगानं घातलेला नंबर जुळवून बघावा. डबा रिकामा परत देऊ नये अशी आपल्याकडे रीत आहे. चमचाभर साखर घातली तरी ती पाळली जाते, आणि डिपॉझिट मागताना तोंडही जरा गोड होतं.

बंद का करताय हे त्या विचारतीलच. खरं आणि छोटं एकच कारण सांगावं. तेल जास्त असतं, भाजी खारट लागते, अशी तक्रार असेल तर ती बंद करायच्या कितीतरी आधी सांगायला हवी होती. पैसे मोजताना काढलेली तक्रार पैसे कमी करण्यासाठीच काढली असं वाटतं. सांगायचीच असेल तर पूर्ण रक्कम पोचल्यावर सांगावी. तेव्हा ती ऐकून घेतली जाते.

एवढं करूनही सोमवारी सव्वाबाराला दारात डबा येऊ शकतो. वर्षभराच्या सवयीनं भरणाऱ्याचा हात चालतो. तो मुलाच्या हाती तसाच परत पाठवला तर तिकडे पोचेपर्यंत जेवण वाया गेलेलं असतं. त्याच पावली फोन करावा. आपला मेसेज मोघम असेल तर डबा ठेवून नव्वद रुपये द्यावेत, स्पष्ट असेल तर काकूच म्हणतील, "राहू दे, जेवून घे." काहीही ठरलं तरी जेवण घरच्या भांड्यात काढून घ्यावं आणि डबा मुलाला पाच मिनिटं थांबवून त्याच फेरीत परत द्यावा, नाहीतर डिपॉझिटचा हिशोब पुन्हा उघडतो.