तलावातली पिशवी

आज नववीच्या पोरांना फोटोतली नको ती वस्तू पुसायला शिकवली. फोटो आपल्या सिद्धेश्वर तलावाचा, पाण्यावर प्लॅस्टिकची पिशवी. सॉफ्टवेअर GIMP, फुकटचं.

मूळ फोटोला हात लावायचा नाही, वर नवी रिकामी लेअर घ्यायची, हे आधीच बजावलं होतं. Clone टूल घेऊन, Ctrl दाबून शेजारच्या पाण्यावर क्लिक केलं आणि पिशवीवर ब्रश फिरवला. काहीच होईना!

"सर, माउस बिघडलाय."

माउस बरा होता, चुकलो मी. Sample merged वर टिक करायला सांगायचं राहिलं. त्याशिवाय टूल त्या रिकाम्या लेअरवरूनच नमुना उचलतं, मग उमटणार काय?

टिक केली आणि पिशवी गेली. पण एकाने तीच लाट इतक्यांदा छापली की पाण्यावर सोलापुरी चादरीची नक्षी उमटली. दर दोन-तीन फटक्यांनी नमुना दुसरीकडून घ्यायला लावला, तेव्हा पाणी पाण्यासारखं दिसलं.

शेवटी 'आमचा तलाव' हे शीर्षक टाकलं. दोघींनी नुसतं JPG काढलं; त्यात अक्षरं चित्रातच मुरतात, बदलता येत नाहीत. GIMP ची XCF फाइल, जिच्यात अक्षरं वेगळी राहतात, ती ठेवणाऱ्यांनी मात्र 'तालाव' लगेच 'तलाव' केलं. त्या दोघी उद्या पुन्हा पिशवीपासून सुरुवात करणार.