एका ओळीचा वाढदिवस

आमच्या नानाकाकांची उभी नोकरी तार ऑफिसात गेली. शब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे लोकांच्या मजकुरातला एकेक शब्द उडवत त्यांनी तीसेक वर्षं काढली आणि ती सवय घरीही आली. ‘जेवण कसं झालंय?’ विचारलं तर ‘छान.’ ‘प्रवास?’ तर ‘झाला.’ अशा माणसाला मी बरीच वर्षं वाढदिवसाला नऊ ओळींचा मेसेज पाठवत होतो. त्यात उदंड आयुष्य होतं, ईश्वरचरणी प्रार्थना होती, शेवटी केक आणि फुगे. उत्तर दरवर्षी एकच यायचं: ‘पोचला.’

मग एकदा मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि नुसतं ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, काका’ एवढंच पाठवलं. तरी ‘पोचला.’

याचं कारण त्यांच्याच बोलण्यातून कळलं. तारेत शुभेच्छांची ठरावीक वाक्यं असायची आणि प्रत्येकाला नंबर. पाठवणाऱ्याने फक्त नंबर सांगायचा, पलीकडच्या ऑफिसात त्याचं अख्खं वाक्य होऊन पाकिटातून घरी जायचं. ‘लग्नसराईत एकाच नंबराची किती जोडपी सुखी केली, मोजली नाहीत,’ काका म्हणाले. (त्यांच्या मानाने हे भाषणच.) तारसेवा 2013च्या जुलैत बंद झाली, पण काकांच्या दृष्टीने ‘हार्दिक शुभेच्छा’ हा अजून एक नंबरच आहे. तेव्हा माझ्या मेसेजची लांबी मुद्द्याची नव्हतीच. तो कुणाच्याही पत्त्यावर खपला असता, तिथे गडबड होती.

म्हणून पुढच्या डिसेंबरात मी एक वाक्य घेऊन बसलो. पहिला खर्डा: ‘काका, तुमचं आरोग्य उत्तम राहो.’ हेही नंबरातलंच. दुसरा: ‘काका, तुमच्या बागेला आणि तुम्हाला शुभेच्छा.’ थोडं जवळ आलं, पण बाग म्हणजे काय? त्यांच्या परसात आहे एक पेरूचं झाड, दोन कढीपत्ते आणि एक कायम हिरमुसलेली जास्वंद. त्यांचं खरं भांडण आहे पोपटांशी. पेरू पाडाला आला की पोपट पहाटेच चोच मारून जातात आणि काका सातला शिडी घेऊन पोचतात.

आता अडचण मराठीची. वडीलधाऱ्यांना ‘सुखी राहा’ म्हणणारा मी कोण? तो त्यांचा हक्क. पण आपल्या भाषेत ‘होवो, लाभो, मिळो’ ही सोय आहे, शाळेत आज्ञार्थाच्या धड्यात ‘ईश्वर तुझे भले करो’ म्हणून भेटलेली. या ‘ओ’मध्येच इच्छा आली, की ‘शुभेच्छा’ हा शब्दच लागत नाही. शिवाय इच्छेचा रोख काकांवरून काढून एखाद्या वस्तूवर ठेवता येतो, म्हणजे आशीर्वाद दिल्याचा आगाऊपणाही होत नाही. शेवटी झालं ते असं:

‘नानाकाका, यंदा परसातले पेरू पोपटांआधी तुमच्या हाती लागोत.’

आठ शब्द. ‘वाढदिवस’ हा शब्द यात नाही, ते काम तारखेने करायचं. म्हणूनच असं वाक्य एक दिवस उशिरा गेलं की नुसता पेरूचा निरोप उरतो. उशीर झालाच तर ‘काल वाढदिवस होता’ हे मुकाट्याने घालावं लागतं. रात्री बाराला पाठवण्यातही अर्थ नव्हता, काका नऊला झोपतात आणि सकाळी तो मेसेज बाकीच्या फुग्यांखाली सापडला असता. ते पावणेसातला चहा ठेवतात, तेव्हा पाठवायचा ठरवला. आधी ‘नमस्कार काका, कसे आहात?’ जोडायचा मोह झाला. पण प्रश्न आला की उत्तर देणं आलं, आणि कमी बोलणाऱ्याला त्याच्याच वाढदिवशी कामाला लावणं बरं नव्हे.

एवढं सगळं करून मी ते वाक्य घाईत कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं.

‘कुठले पेरू?’ आत्याने विचारलं. कुणी पोपटाचं चित्र टाकलं. चुलतबहिणीने पेरूच्या कोशिंबिरीची कृती मागितली, दोघींनी दिली, वेगवेगळी. दोघांपुरतं असलेलं वाक्य चारचौघांत गेलं की त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं, आणि स्पष्टीकरण दिलं की त्याच्या नऊ ओळी होतातच. मी मेसेज पुसला. तोवर काकांनी ग्रुपच म्यूट केला असावा.

यंदा बोट दोनदा तपासून तेच वाक्य फक्त त्यांना पाठवलं, सहा पन्नासला. निळ्या खुणा लगेच आल्या. मग बराच वेळ काही नाही. सव्वासातला, म्हणजे शिडीवरून उतरल्यावर, उत्तर आलं:

‘दोन मिळाले. ये.’