साल्हेरचा व्हिडिओ तीन मिनिटांत: शब्द नाही, अक्षरं मोजून

बारा किल्ल्यांच्या मालिकेतला साल्हेरचा भाग तयार झाला. ११ जुलै २०२५ला युनेस्कोच्या यादीत गेलेले बाराही किल्ले घ्यायचे आणि प्रत्येकाला यूट्यूब शॉर्ट्सची तीन मिनिटं द्यायची, असा बेत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्सची मर्यादा साठ सेकंदांवरून १८० वर गेली, म्हणून हे जमतं तरी. पण १८० म्हणजे १८०च. त्यावर गेलात की तोच उभा व्हिडिओ लांब व्हिडिओंच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून यावेळी रेकॉर्डिंग करून मग कात्री लावण्यापेक्षा संहितेची लांबी आधीच बसवली. हिशेब जवळपास नेमका निघाला, म्हणून सगळा मांडतोय.

मिनिटाला अमुक शब्द, हा इंटरनेटवर सगळीकडे सापडणारा आडाखा इंग्रजीतून आलेला आहे आणि मराठीत तो फार डगमगतो. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘गिरिदुर्गांपैकी’ हा एक शब्द आहे आणि त्यात सहा अक्षरं आहेत. ‘तो वर आला’ हे तीन शब्द, पण अक्षरं पाचच. गप्पांच्या सुरातली संहिता आणि इतिहासाची संहिता शब्दसंख्येत सारखी असली तरी वेळेत बराच फरक पडतो. म्हणून मोजायचं एकक अक्षर: प्रत्येक स्वर एक, प्रत्येक व्यंजन एक, आणि जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी एकच. ‘करतात’ बोलताना ‘कर-तात’ असं दोनच झटक्यांत येतं आणि आपण चार मोजतो, हे खरं. पण आपला दरही त्याच मापाने काढलेला असल्यामुळे ही तूट दोन्हीकडे सारखीच राहते. मी हे वापरतो:

```python
import re
t = open("salher.txt", encoding="utf-8").read()
p = (r"[\u0904-\u0914\u0960\u0961\u0972]"
     r"|[\u0915-\u0939\u0958-\u095F](?!\u093C?\u094D)")
print(len(re.findall(p, t)))
```

पहिली ओळ सुटे स्वर धरते (`\u0972` म्हणजे ‘ॲ’, तो विसरू नका), दुसरी हलन्त नसलेली व्यंजनं.

आता स्वतःचा दर. इथे बहुतेक जण एकच आकडा काढतात, म्हणजे एकूण अक्षरं भागिले एकूण वेळ. त्यात बोलणं आणि थांबणं एकत्र कालवलं जातं. दोन्ही वेगळे काढा, कारण बोलण्याचा वेग माणसागणिक बऱ्यापैकी स्थिर असतो, पण थांबे संहितेगणिक बदलतात. छोट्या वाक्यांच्या संहितेत थांबे जास्त, लांब वर्णनात कमी. मी जुन्या भागातला ७०० अक्षरांचा उतारा नेहमीच्या माइकवर, नेहमीच्या सुरात वाचला. आधीची-नंतरची शांतता कापली आणि आतले थांबे असे काढले:

```
ffmpeg -i vachan.wav -af silencedetect=noise=-35dB:d=0.2 -f null -
```

प्रत्येक थांब्याची `silence_duration` छापून येते, त्यांची बेरीज करायची. `d` ०.२ पेक्षा खाली नेऊ नका. ‘पट्टा’, ‘धक्का’ म्हणताना जीभ अडते ती बारीक शांतताही मग थांबा म्हणून मोजली जाते आणि बोलण्याचा वेग फुगतो. उलट पंखा चालू असेल तर -३५ डेसिबलखाली आवाज जातच नाही आणि एकही थांबा सापडत नाही. यादी रिकामी आली तर आधी पंख्याकडे बघा, मग उंबरठा -३० करून पाहा.

माझं निघालं ते असं: एकूण ११४ सेकंद, त्यात शांतता २१, बोलणं ९३. म्हणजे सेकंदाला साडेसात अक्षरं. थांब्यांसकट धरलं असतं तर सहाच्या जरा वर आलं असतं. उतारा निदान दीड-दोन मिनिटांचा हवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळेच जरा पळतात. आणि मनातल्या मनात वाचून घड्याळ लावणं तर बिनकामाचं, मन जिभेपेक्षा कितीतरी वेगाने वाचतं.

मग मर्यादेपासून मागे यायचं. १८० सेकंदांतून ३ राखीव, कारण एक्सपोर्ट करताना शेवटी चार-दोन फ्रेम कुठून चिकटतात देव जाणे. सुरुवातीला ६ सेकंद नुसता वारा आणि माथ्यावरचं परशुराम मंदिर. मध्ये बागलाणच्या मुलुखाचं दृश्य आणि चढणीचा एक शॉट मिळून ११ सेकंद, तिथे मला बोलायचं नाहीच. राहिले १६० सेकंद आवाजाचे.

त्यातून थांबे वजा. संहितेतच मी खुणा करतो: ‘/’ छोटा थांबा, ‘//’ वाक्याचा शेवट, ‘///’ विषय बदलला. माझ्या रेकॉर्डिंगवरून त्यांची सरासरी अनुक्रमे ०.३, ०.७ आणि १.४ सेकंद येते. साल्हेरच्या आराखड्यात ३५ छोटे, २४ वाक्यांचे आणि ३ विषयांचे थांबे होते: १०.५ अधिक १६.८ अधिक ४.२, म्हणजे ३१.५ सेकंद. उरले १२८.५. गुणिले साडेसात, म्हणजे संहितेला ९६४ अक्षरांची जागा.

पहिल्या मसुद्याचा आकडा आला ९८५. वीसेक अक्षरं उडवली की झालं, असं वाटायला लावणारा आकडा. पण साल्हेरच्या संहितेत आकड्यांचा सुकाळ, आणि आकडा हीच या मोजणीतली खरी चोरवाट आहे. हे वाक्य घ्या:

‘साल्हेरची उंची १५६७ मीटर, कळसूबाईची १६४६ मीटर.’

प्रोग्रामला यात १८ अक्षरं दिसतात, कारण अंक तो मोजतच नाही. तोंडाने मात्र ‘पंधराशे सदुसष्ट’ आणि ‘सोळाशे सेहेचाळीस’ म्हणावं लागतं, प्रत्येकी आठ अक्षरं. १८ची झाली ३४. शब्दसंख्येतही हीच फसगत होते, आकडा तिथे एकच शब्द धरला जातो. ‘इ.स.’, ‘कि.मी.’ आणि ‘ता. सटाणा’चीही तीच गत. म्हणून मोजणीच्या फाइलमध्ये सगळं उच्चारासारखं लिहायचं: सन, साल, अंतर, सगळं अक्षरी. आणि ते लिहितानाच ‘एक हजार पाचशे’ म्हणणार की ‘पंधराशे’, हेही ठरून जातं. नाहीतर माइकसमोर अडखळायला होतं. असं उलगडून लिहिल्यावर ९८५ची १०७१ झाली. म्हणजे जागेपेक्षा १०७ अक्षरं जास्त, चौदा सेकंद.

कापताना आधी आकड्यांवरच गेलो. वरचं वाक्य ‘कळसूबाईखालोखाल साल्हेरच उंच’ असं केलं. ३४ची १५ झाली, अडीच सेकंद सुटले. ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन चार-अंकी उंच्या तशाही राहत नाहीत, उंची हवीच असेल तर पडद्यावर लिहावी. १६७२ची लढाई मात्र साल सांगूनच बोलायची होती, आणि प्रतापराव गुजर व मोरोपंत पिंगळे यांची नावंही पूर्ण. ती तशीच ठेवली. बाकीची काट ‘आपल्याला पाहायला मिळतो’, ‘असे सांगितले जाते की’ अशा शेपट्यांवर चालवली. ‘दरवाजा पाहायला मिळतो’ऐवजी ‘दरवाजा आहे’ म्हटलं की पाच अक्षरं गेली. अशा शेपट्या इतक्या होत्या की त्यांतच बरंच काम झालं. शेवटी ९५८.

अंदाज: ९५८ भागिले ७.५, म्हणजे १२७.७ सेकंद बोलणं, अधिक थांबे ३१.५, एकूण आवाज १५९.२. बिनबोलाचे १७ सेकंद मिळवून १७६.२.

प्रत्यक्षात आवाज आला १६१.५ आणि पूर्ण व्हिडिओ १७८.५. राखीव तीनपैकी दीड सेकंद खाल्ले गेले. कुठे गेले ते त्याच कमांडने कळतं. बोलणं १२८.९ भरलं, म्हणजे दर ७.४ला आला. सरदारांच्या नावांपाशी आणि लढाईच्या सालापाशी मी संथ झालोय, ते ध्वनीच्या आलेखातही दिसतं. शांतता ३२.६ भरली. संहितेत खूण नसताना घेतलेले तीन श्वास त्यात आहेत. तिन्ही एकाच जातीच्या वाक्यांत: चाळीसच्या वर अक्षरं आणि मध्ये एकही ‘/’ नाही. साडेसातच्या दराने चाळीस अक्षरं म्हणजे पाच सेकंद, आणि एवढ्यात माझा तरी दम संपतो. पुढच्या संहितेत अशा वाक्यात आधीच ‘/’ टाकून तेवढा वेळ धरणार.

थोडंच हुकलं असेल तर आवाजाचा टेम्पो वाढवायचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. ऑडेसिटीत पट्टी न बदलता वेग वाढवता येतो. तीन टक्क्यांपर्यंत मला स्वतःला ऐकू येत नाही, १६१.५ सेकंदांच्या आवाजात तेवढ्याने पावणेपाच सेकंद वाचतात. पाच टक्क्यांना श्वास आखूड वाटायला लागतात आणि माणूस बस पकडायला निघाल्यासारखा बोलतो. म्हणून हा उपाय राखीव खात्याला, बजेटमध्ये धरायचा नाही.

गडावर उभं राहून बोलायचं असेल तर घरचा दर चालत नाही. चढून गेल्यावर दम लागलेला असतो, थांबे वाढतात, आणि वाऱ्यात `silencedetect`ला शांतता सापडतच नाही. तिथलं मोजमाप हाताने, आलेख बघून करावं लागतं. तसं बोलणं मी यात धरलेलंच नाही. पोवाड्याची ओळ किंवा संवाद असेल तर तो भाग वेगळा रेकॉर्ड करून त्याचे सेकंद थेट वजा करायचे, अक्षरांच्या हिशेबात घालायचे नाहीत.

पुढचा भाग खांदेरीचा, आणि त्यात दोन आवाज आहेत. माझी बहीण माझ्यापेक्षा बरीच भरभर बोलते. तिचा ७०० अक्षरांचा उतारा रविवारी रेकॉर्ड करणार आहे. मग तिच्या ओळींना तिचा दर, माझ्या ओळींना माझा, आणि एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतच्या थांब्याला एक चौथी खूण. तो थांबा किती धरायचा हे दोघांनी एकत्र वाचल्यावरच कळेल.