ब्लीड दिलेलं असूनही कार्डाला पांढरी कड

वहिनीच्या फिजिओथेरपी क्लिनिकची विजिटिंग कार्डं छापून घेतली. डिझाइन, कागद, मॅट लॅमिनेशन सगळं बिनबोभाट झालं, पण कटिंगपाशी जे अडकलं ते आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कार्डाचं कापून झाल्यावरचं माप ८९ बाय ५१ मिमी, हेच ट्रिम. पूर्ण कार्डाला गडद निळा रंग असल्यामुळे चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड दिलं, म्हणजे फाइल झाली ९५ बाय ५७. हा जास्तीचा रंग कापून फेकण्यासाठीच असतो. दुकानात शीटचा गठ्ठा एकदम मशीनमध्ये जातो, पातं खाली येताना गठ्ठ्यातले कागद किंचित सरकतात, त्यामुळे वरच्या आणि खालच्या कार्डाचा काप अगदी एकाच रेषेत येत नाही. अर्धा-एक मिमी फरक पडतोच. बाहेर रंग असेल तर काप सरकला तरी कडेला निळाच दिसतो. आणि आतल्या बाजूला काही छाटलं जाऊ नये म्हणून फोन नंबर, पत्ता हे ट्रिमपासून ५ मिमी आत ठेवलं होतं, तो झाला सेफ एरिया.

कार्डं हातात आली आणि बऱ्याच कार्डांच्या डाव्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ! निळ्यावर ती इतकी उठून दिसते की दुसरं काही दिसतच नाही. दुकानात गेलो तर ऑपरेटर म्हणाला, "सर, कटिंगमध्ये एवढं इकडेतिकडे होतंच." हे वाक्य मला तिथे इतक्या वेळा ऐकवलं गेलं की काय सांगू. आता कटिंग सरकतं हे खरंच आहे, त्याबद्दल माझी तक्रारच नव्हती. पण कटिंग सरकल्याने पांढरं कसं येईल? बाहेर ३ मिमी निळा असताना काप एक मिमी बाहेर गेला तरी निळाच मिळणार. पांढरं आलं याचा अर्थ शीटवर ब्लीड पोचलंच नव्हतं, म्हणजे गडबड पातं पडायच्या आधीची आहे. हे काही केल्या त्याला पटेना, "फाइल तुमचीच आहे ना" एवढंच.

मग तिथेच काउंटरवरची पट्टी घेतली. आमचा लोगो गोल आहे, फाइलमध्ये बरोबर २० मिमीचा. कार्डावर तो रुंदीला पावणेएकोणीसच्या आसपास आणि उंचीला अठराच्याही जरा आत भरला, म्हणजे गोल उरलाच नव्हता, चपटा झाला होता. फोन नंबर कडेपासून ५ मिमीवर हवा तो साडेसातवर. तिथेच उलगडा झाला. त्याने माझी ९५ बाय ५७ ची पीडीएफ कोरलमध्ये घेऊन सरळ रुंदी ८९ आणि उंची ५१ टाइप केली होती. त्यामुळे अख्खं डिझाइन दाबलं गेलं, कापून जायचं ते ब्लीड कार्डाच्या आत आलं, आणि शीटवर दोन कार्डांच्या मधे कोरा कागद राहिला. मग काप जरा हलला की पांढरं दिसणारच.

मालकांना बोलावून पट्टी लावून दाखवली, तेव्हा कुठे ते म्हणाले, "अरे, हा ब्लीडसकट माल होता." लॉट परत छापून दिला, जादा पैसे न घेता. खरं सांगतो, तेव्हा जाम बरं वाटलं.

दुसऱ्या वेळी मी पीडीएफमध्ये कुठे कापायचं ते दाखवणारे क्रॉप मार्क टाकून दिले, फाइलच्या नावातच 95x57_bleed_trim_89x51 लिहिलं, आणि छापायच्या आधी स्क्रीनवर लावलेली शीट बघायला मागितली. बघायचं एवढंच की प्रत्येक कार्डाचा रंग क्रॉप मार्कच्या रेषेच्या बाहेर गेलाय का, आणि गोल गोष्ट गोलच आहे का. इलस्ट्रेटरमधून पीडीएफ काढताना Use Document Bleed Settings ला टिक लागते, ती राहिली तर डिझाइनमध्ये दिलेलं ब्लीड फाइलमध्ये येतच नाही, हे मात्र आपल्याकडून बघून घ्या.

आणि हो, वहिनीला कार्डाच्या कडेने बारीक सोनेरी बॉर्डर हवी होती, ती मी होऊ दिली नाही. कडेपासून २ मिमीवर बॉर्डर असेल आणि काप एक मिमी सरकला तर एका बाजूला १ मिमी उरतं आणि समोरच्या बाजूला ३, लगेच वाकडं दिसतं, आणि तिथे ब्लीडचा काही उपयोग होत नाही. बॉर्डर हवीच असेल तर निदान ५ मिमी आत घ्या, तिथे तेवढा फरक खुपत नाही.

नवीन लॉट घेताना मी गठ्ठ्यातलं वरचं, मधलं आणि खालचं कार्ड काढून बघितलं. कुठे नंबर साडेचारवर, कुठे साडेपाचवर, पण निळा कडेपर्यंत पूर्ण, म्हटलं आता बांधा.