पदर, फिरती खुर्ची आणि एकवीस मार्च

ऑस्ट्रेलियातल्या ऑफिसांत मार्च उजाडला की एक ईमेल येते: 21 तारखेला हार्मनी डे, पारंपरिक पोशाखात या, नाहीतर केशरी काहीतरी घाला. 1999 पासून हा वेगवेगळ्या संस्कृतींच्या एकोप्याचा दिवस तिकडे पाळला जातो आणि केशरी हा त्याचा रंग. त्या ईमेलमधलं ‘नाहीतर’ नीट वाचायला हवं. निम्म्याहून जास्त ऑफिस त्या ‘नाहीतर’मध्येच येतं, म्हणजे केशरी टीशर्ट, केशरी मोजे किंवा फार तर गळ्यात एक रिबन. आपण मात्र ‘पारंपरिक’ एवढंच वाचून पैठणी, नथ, बाजूबंद असं सगळं अंगावर चढवून गेलो, तर लिफ्टचं दार उघडताच आपली वरात एकट्यानेच निघाल्यासारखं वाटतं.

साडी नेसल्यामुळे कुणी परकं दिसत नाही. परकं दिसतं ते दर दोन मिनिटांनी खांद्याकडे जाणाऱ्या हातामुळे. समोरचा माणूस साडीकडे पाहून दहा मिनिटांत विसरतो. आपणच विसरत नाही, कारण ती कुठेतरी सुटत असते, ओढत असते, टोचत असते. म्हणून तयारी करायची ती हात मोकळे ठेवण्याची.

साडी कोणती? माझं मत सुती इरकलीला. अंग सुती असल्यामुळे ती घसरत नाही, दिवसभर बसून चुरगळली तरी तिला ते शोभतं, आणि लाल-पांढऱ्या पदरामुळे ती साधीही वाटत नाही. त्यावर केशरी खणाचं ब्लाऊज घातलं की ईमेलमधल्या दोन्ही अटी एकदम पुऱ्या होतात, आणि केशरी टीशर्टवाल्यांच्या घोळक्यातही आपण त्यांच्यातलेच दिसतो. पैठणी सुंदर असते, पण रेशीम घसरतं, म्हणून जास्त पिना लागतात आणि त्या पिनांनीच ते फाटतं. कॉफीच्या मशीनशेजारी तिच्या जिवाची काळजी करत उभं राहण्यात काय मजा?

ब्लाऊज मात्र पंधरा दिवस आधी घालून पाहावं. भारतातून आणलेलं ब्लाऊज कपाटात आखडतं, असं आपण म्हणतो. आखडतं कोण ते आरशाला माहीत असतं. चांगल्या शिंप्याने दोन्ही कुशींना आत माया सोडलेली असते. ती उसवली की दोन-तीन सेंटीमीटर सहज मिळतात, आणि घरच्या सुई-दोऱ्याने टीप घातली तरी चालते. हे वीस तारखेच्या रात्री सुचलं तर टीप वाकडी जाते.

नेसताना पहिली गोष्ट म्हणजे पायात चप्पल. दिवसभर जी घालायची तीच, नेसायच्या आधी. अनवाणी पायांनी नेसून नंतर टाचा चढवल्या तर साडी आखूड वाटते आणि उलट केलं तर जमिनीवर लोळते. लग्नात काठ जमिनीला टेकलेला छान दिसतो. पण ऑफिसला जाताना सरकता जिना आहे, ट्रामची पायरी आहे. तिथे काठ जमिनीपासून दोन बोटं वर हवा, आणि जिन्यावर पाय ठेवण्याआधी निऱ्या एका हाताने उचलायच्या. सरकत्या जिन्याच्या फटीत कापड अडकलं तर ते ओढून निघत नाही, आत जातं.

परकर सुतीच हवा. चमकदार सॅटिनच्या परकरावर साडी दुपारपर्यंत बोटभर खाली उतरते, आणि मग आपण ती बाथरूममध्ये जाऊन पुन्हापुन्हा वर खोचत राहतो. नाडी जरा कसून बांधावी, कारण साऱ्या निऱ्यांचं वजन तिच्यावर असतं. निऱ्या सहा-सात पुरतात. त्या जुळवून वरच्या टोकाला एक पिन लावायची आणि मगच खोचायच्या, म्हणजे एक सुटली की सगळ्या सुटत नाहीत.

आता पदर, कारण ऑफिसातला खरा घोळ इथेच होतो. बहुतेक जणी उभ्याने पदर चापूनचोपून खांद्यावर पिनतात. मग खुर्चीत बसून हात कीबोर्डकडे गेला की कापड खांद्यावरून ओढलं जातं, पिनेभोवतीचा धागा ताणतो आणि संध्याकाळपर्यंत तिथे भोक पडतं. म्हणून पदराच्या पट्ट्या करून तो खांद्यावर टाकायचा, एकदा खुर्चीत बसायचं, दोन्ही हात टेबलावर ठेवायचे, आणि त्या अवस्थेत कापड जिथे येईल तिथे पिन. पिन आतल्या बाजूने, ब्लाऊजच्या शिवणीत, आणि पिनेत आधी एक मणी ओवून घेतला तर कापड तिच्या वेटोळ्यात अडकत नाही. पाठीमागे पदर गुडघ्याच्या वर संपला पाहिजे. त्याहून लांब असेल तर चाकांची खुर्ची मागे सरकते, चाक पदरावर चढतं आणि उठताना आपण अर्धवटच उठतो. बसल्यावर पदर उजव्या बाजूने मांडीवर घेतला की तो प्रश्नच मिटतो.

नऊवारीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. कासोटा नीट घातलेली नऊवारी चालायला सहावारीपेक्षा मोकळी असते, पण बाथरूमला जाताना सगळं सोडावं लागतं आणि ऑफिसच्या चिमुकल्या खोलीत ते पुन्हा बसवणं अवघड. कंबरेला इलॅस्टिक असलेली शिवलेली नऊवारी घ्यावी. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण ते त्या खोलीत मदतीला येणार नाहीत.

दागिन्यांत काचेच्या बांगड्या घरी ठेवाव्यात. टाइप करताना त्या वाजतात आणि व्हिडिओ मीटिंगमध्ये माइक तो आवाज जसाच्या तसा सिडनीपासून पर्थपर्यंत पोचवतो. चापाची नथ फोटोपुरती घालावी, कारण जेवताना ती मध्ये येते. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं तर मंगळसूत्राशी गुंतून बसतं, त्यापेक्षा कंबरेला क्लिपने लावलेलं बरं. मार्चमध्ये मेलबर्नची सकाळ गार असते, म्हणून वरून जॅकेट लागणार. ते सैल असावं, म्हणजे पदराच्या पट्ट्या चेमटत नाहीत.

पुरुषांचं काम सोपं, म्हणून ते ऐन वेळी बिघडतं. शेरवानी नको, ती लग्नातली. गुडघ्यापर्यंतचा सुती कुर्ता आणि सरळ पायजमा पुरे. फेटा बांधलात तर हेडफोन त्यावर बसत नाहीत, कानात घालायचे छोटे इअरफोन बरोबर ठेवा. कोऱ्या कोल्हापुरी चपलेला आठवडाभर आधी खोबरेल चोळून घरात घालून फिरा, नाहीतर ती चावते. शिवाय तिचा चामड्याचा तळ ऑफिसच्या गुळगुळीत फरशीवर सरकतो.

मग प्रश्न येतात. ‘हे तू रोज घालतेस?’ याला ‘नाही, सणावाराला’ एवढं पुरतं. ‘किती लांब आहे हे?’ याला ‘साडेपाच मीटर’ असा आकडा दिला की डोळे विस्फारतात आणि गप्पा आपोआप कापडाकडे वळतात. तिथे इरकल कामी येते: ही उत्तर कर्नाटकात विणतात, महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या नेसतात, अंगाचे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे लावून एकमेकांत अडकवून जोडतात. सांगता सांगता जोड दाखवता येतो. एवढं माहीत असलं की ‘बॉलिवूडसारखी दिसतेस’ या कौतुकालाही हसून उत्तर देता येतं.

संध्याकाळी घरी आल्यावर पिना मोजून काढायच्या. पाच लावल्या असतील तर पाच निघाल्या पाहिजेत. राहिलेली एक घडीत तशीच कपाटात जाते आणि पुढच्या मार्चमध्ये गंजाच्या डागासकट सापडते.